श्वास मोठा नको, उच्छ्वास लांब हवा: कामाच्या धावपळीत शरीर शांत करण्याबद्दल

आजचा भाग आहे कामाच्या दिवसात शरीराला होणाऱ्या त्रासाबद्दल. टेन्शन म्हटलं की आपण मनाबद्दल बोलतो, पण मला आज फक्त शरीराबद्दल बोलायचंय. छातीत धडधडणं, मान आखडणं, जबडा आवळला जाणं, तळहात गार पडणं आणि दिवसभर खुर्चीत बसूनही संध्याकाळी पळून आल्यासारखं दमणं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, पुण्यात काम करतो, आणि आमच्या टीममध्ये दर काही आठवड्यांनी ऑन-कॉलची पाळी येते. त्या आठवड्यात ही सगळी लक्षणं हजेरी लावतात. गेली दोन वर्षं मी यावर वाचतोय, डॉक्टरांना प्रश्न विचारतोय आणि स्वतःवर करून बघतोय. त्यातून जे हाती लागलं ते सांगतो.

सुरुवात एका सल्ल्यापासून करू, जो आपल्याला सगळेच देतात. "टेन्शन आलंय ना, मग दीर्घ श्वास घे." हा सल्ला चुकीचा नाही, पण अर्धाच आहे. आणि अर्धा सल्ला कधी कधी त्रास वाढवतो.

आमच्या टीममधल्या एकाचं उदाहरण देतो. रिलीजची रात्र होती, डिप्लॉयमेंट अडकलं होतं. त्याला धडधडायला लागलं, हवा पुरत नाही असं वाटायला लागलं. शेजारचे म्हणाले, दीर्घ श्वास घे. त्याने घेतले, मोठे मोठे आणि भराभर. दोनेक मिनिटांत त्याच्या बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या आल्या, डोकं हलकं झालं. त्याला वाटलं हार्ट अटॅक आहे. त्याला लगेच हॉस्पिटलमध्ये नेलं, आणि ते योग्यच झालं. ईसीजी नॉर्मल आला, रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल आले. डॉक्टरांनी जे समजावलं ते मला तेव्हापासून लक्षात राहिलंय.

ते म्हणाले, हवा कमी पडली नव्हती, जास्त झाली होती. आपण श्वास सोडतो तेव्हा कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. आपल्याला वाटतं तो नुसता कचरा आहे, पण रक्तात त्याचं ठरावीक प्रमाण लागतं. खुर्चीत बसून, कुठलीही मेहनत न करता मोठे आणि वेगाने श्वास घेतले तर तो गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो. मग मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात आणि चक्कर आल्यासारखं होतं. रक्ताचा आम्ल-अल्कली तोल थोडा बदलतो आणि बोटांना, ओठांना मुंग्या येतात. गंमत अशी की हे सगळं होत असताना "हवा पुरत नाहीये" असंच वाटत राहतं, म्हणून माणूस आणखी जोरात श्वास घेतो. चक्र सुरू होतं.

म्हणून पहिला मुद्दा हाच. टेन्शनमध्ये श्वास मोठा करायचा नाही, सावकाश करायचा. आणि दोन्हींपैकी महत्त्वाचा भाग श्वास घेण्याचा नाही, सोडण्याचा आहे.

असं का, ते तुम्ही आत्ता ऐकता ऐकता तपासू शकता. गाडी चालवत असाल तर नको, नंतर करा. डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाखाली उजव्या हाताची दोन बोटं ठेवा. नाडी सापडली? आता चार मोजत नाकाने श्वास घ्या, आणि सहा मोजत सोडा. चार-पाच वेळा करा. बहुतेकांना, विशेषतः तरुणांना, एक गोष्ट जाणवेल. श्वास आत घेताना ठोके जवळजवळ पडतात, सोडताना लांब लांब पडतात. वय वाढतं तसा हा फरक कमी होतो, त्यामुळे जाणवला नाही तर घाबरायचं कारण नाही.

हे असं होतं कारण हृदयाला एक ब्रेक आहे. व्हेगस नावाची नस मेंदूपासून निघून हृदय, फुप्फुसं, पोट असं करत खाली जाते. हृदयाला कुणी अडवलंच नाही तर ते मिनिटाला साधारण शंभरच्या वेगाने चालेल. शांत बसल्यावर ते साठ-सत्तरवर असतं, कारण व्हेगस नस त्याला सतत आवरून धरते. श्वास आत घेतो तेव्हा हा ब्रेक थोडा सैल होतो, सोडतो तेव्हा लागतो. म्हणजे उच्छ्वास जितका लांब, तितका वेळ ब्रेकवर पाय. हृदयाला "शांत हो" असं सांगून ते ऐकत नाही, पण श्वासाच्या वाटेने आपला हात तिथपर्यंत पोचतो.

आता प्रत्यक्ष कसं करायचं. मी दोन प्रकार वापरतो, दोन वेगवेगळ्या वेळांसाठी.

पहिला, अचानक धडधड वाढली तर. नाकाने श्वास घ्यायचा. भरत आला की त्याच्यावर अजून एक छोटासा श्वास घ्यायचा, लहान मूल रडून शांत होताना घेतं ना, दोन हुंदक्यांत, तसा. मग तोंडाने हळूहळू, पूर्ण रिकामं होईपर्यंत सोडायचा. असं तीन वेळा, बस. जास्त नाही. हा उसासा शरीर स्वतःही अधूनमधून टाकतच असतं, आपल्या नकळत, दर काही मिनिटांनी. फुप्फुसातल्या ज्या बारीक पिशव्या मिटलेल्या असतात त्या त्याने पुन्हा उघडतात. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सुमारे शंभर लोकांवर महिनाभर एक प्रयोग केला. रोज पाच मिनिटं, काही गटांना वेगवेगळे श्वासाचे प्रकार आणि एका गटाला ध्यान. चिंता सगळ्याच गटांत कमी झाली, पण मन प्रसन्न वाटण्यात आणि एरवीचा श्वासाचा वेग कमी होण्यात हा उसाशाचा गट पुढे होता. एक लक्षात घ्या, तो रोजच्या सरावाचा परिणाम होता. तीन उसाशांत आयुष्य बदलतं असं ते म्हणत नाहीत, मीही म्हणत नाही. तीन उसाशांनी एवढंच होतं की पुढचं काम करण्यापुरती उसंत मिळते.

दुसरा प्रकार, धडधड नाहीये पण दिवसभर ताण साचतोय तेव्हा. चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, दोन्ही नाकाने, दोन ते तीन मिनिटं. एक मोजणी म्हणजे साधारण एक सेकंद, म्हणजे मिनिटाला सहा श्वास होतात. एरवी आपण मिनिटाला बारा ते वीसच्या दरम्यान घेतो. श्वास पोटाजवळ जाणवला पाहिजे, खांदे वर जायला नकोत. आणि तो आवाज न होता, शेजारच्याला कळणारही नाही इतका साधा हवा. सहा मोजताना दम लागत असेल तर तीन-चार करा. प्रमाण महत्त्वाचं आहे, आकडा नाही. आणि डोकं हलकं वाटलं, बोटांत मुंग्या आल्या तर समजा की श्वास मोठे होतायत. मग मोजणं सोडा, नेहमीसारखा छोटा श्वास घ्या आणि फक्त सोडताना रेंगाळा.

अनेकांना यात भ्रामरी आठवली असेल. बरोबर आहे, गुणगुणत सोडला की श्वास आपोआप लांबतो, मोजावंही लागत नाही. ऑफिसमध्ये मात्र गुणगुणायला लागलात की लोक वळून बघतात, म्हणून ती घरी किंवा गाडीत. कपालभातीचं मात्र उलट आहे. ती वेगाची क्रिया आहे, तिची वेळ वेगळी. आधीच धडधडत असताना ती करू नका.

हे चाललंय की नाही हे कसं ओळखायचं? घड्याळातला हार्ट रेट बघू नका. मनगटावरची घड्याळं थोडी मागे असतात, आणि आकडा खाली यायची वाट बघणं हेच नवं टेन्शन होतं. त्याऐवजी शरीराच्या खुणा बघा. कोरड्या तोंडात लाळ सुटते. एखादी जांभई येते. पोटातून गुडगुड ऐकू येते. गार बोटं हळूहळू ऊबदार होतात. यातलं एक जरी झालं तरी ब्रेक लागलाय. आणि पाच मिनिटं करून काहीच झालं नाही तर बसून राहू नका. उठा. मग दुसरा उपाय.

दुसरा उपाय म्हणजे चालणं. ते का लागतं ते नीट समजून घेऊ. क्लायंट कॉलवर आवाज चढला की शरीराला वाटतं, पळायचंय किंवा भिडायचंय. ॲड्रेनलीन सुटतं, रक्तात साखर वाढते, पायांच्या स्नायूंकडे रक्त जातं. सगळी तयारी झाली, आणि आपण काय करतो? म्यूटवर बसून राहतो. शिवाय कॉर्टिसॉल नावाचं दुसरं संप्रेरक सावकाश वाढतं. ताण सुरू झाल्यापासून वीस ते तीस मिनिटांनी ते सर्वांत वर असतं. म्हणून कॉल संपतो, मीटिंगमधला विषय मिटतो, आणि तरी अर्ध्या तासाने आपण कोडकडे बघत बसलेलो असतो आणि आत काहीतरी सळसळत असतं. तो तुमचा कमकुवतपणा नाही, ते अजून रक्तात आहे एवढंच.

अशा वेळी स्नायूंना त्यांचं काम देऊन टाकायचं. मी आठ ते दहा मिनिटं चालतो. वेग असा की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. फोन खिशात, हातात नाही. फोन हातात असला की हात हलत नाहीत, मान खाली राहते, आणि मानेचं दुखणं तसंच राहतं. हात मोकळे हलले की खांदे आपोआप सुटतात. नजर लांब टाकायची, रस्त्याच्या शेवटच्या झाडाकडे, समोरच्या इमारतीच्या टाकीकडे. स्क्रीनवर जवळ बघताना डोळ्यातला जो स्नायू आवळलेला असतो तो लांब बघितल्यावरच सैल होतो. आणि पावलांवर श्वास बसवता येतो, चार पावलं आत, सहा पावलं बाहेर. मिनिटाला शंभर पावलं धरली तर दहा श्वास होतात. चालताना सहाचा हट्ट नको, शरीराला जास्त हवा लागते.

बाहेर जाता येत नसेल, पाऊस असेल, तर जिना. दोन मजले खाली, दोन मजले वर, सावकाश. आणि चालणं जिथे संपतं तिथे चहाची टपरी असते हे मला माहीत आहे. सकाळचा चहा घ्या बिनधास्त. पण धडधडत असताना तिसरा-चौथा कप घेतला तर आपण ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकदम दाबतोय. कॅफीनचा निम्मा भाग शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. साडेपाचचा कप साडेदहाला अर्धा तुमच्यातच असतो. टपरीवर जा, गप्पा मारा, लिंबू सरबत घ्या.

तिसरी गोष्ट, छोट्या सवयी. आणि इथे मी मोबाईलच्या रिमाइंडरच्या विरोधात आहे. "दर तासाला उठा" असा रिमाइंडर लावला की ज्या दिवशी त्याची सर्वांत जास्त गरज असते, त्याच दिवशी आपण तो न वाचता पुसून टाकतो. त्यापेक्षा जे दिवसात होणारच आहे, त्याला सवय बांधायची. माझ्या तीन आहेत, तीनच.

बिल्ड चालू झाला की जबडा. आमचा बिल्ड चार मिनिटं घेतो, दिवसातून आठ-दहा वेळा होतो. तेवढ्यात मी एक तपासतो: वरचे आणि खालचे दात एकमेकांना टेकलेत का? शांत असताना ते टेकायला नकोत. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला हलकी लागलेली. मी तपासतो तेव्हा बहुतेक वेळा दात टेकलेले सापडतात. संध्याकाळच्या कानशिलाच्या दुखण्याचं मूळ पुष्कळदा इथे असतं.

कॉलला "जॉइन" दाबायच्या आधी खांदे. पाच सेकंद कानांपर्यंत वर उचलून आवळायचे, मग एकदम सोडायचे आणि दहा-पंधरा सेकंद त्यांना पडू द्यायचं. दोनदा. आवळून मग सोडण्याची ही पद्धत शंभर वर्षं जुनी आहे. एडमंड जेकबसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९२९ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं होतं की स्नायू आवळलेला आहे हे आपल्याला कळतच नाही, म्हणून तो आधी मुद्दाम आवळायचा, म्हणजे सुटल्याचा फरक कळतो.

आणि मेल किंवा मेसेज उघडताना श्वास. मोठ्या साहेबांचं नाव दिसलं की आपण श्वास रोखून वाचतो. लिंडा स्टोन या अमेरिकन लेखिकेने २००८ मध्ये याला "ईमेल ॲप्निया" असं नाव दिलं. माझा नियम साधा आहे: उघडण्यासाठी क्लिक करायचं ते श्वास सोडताना.

आता हे सगळं एका खऱ्या दिवसात कसं बसतं ते सांगतो. गेल्या महिन्यातला गुरुवार, मी ऑन-कॉल. दुपारी तीन चाळीसला अलर्ट आला, पेमेंटच्या सर्व्हिसमधून एरर यायला लागले. लॅपटॉप उघडेपर्यंत नाडी कानात ऐकू येत होती आणि तीन मॅनेजर चॅनेलवर एकच प्रश्न विचारत होते. मी आधी "बघतोय, दहा मिनिटांत कळवतो" एवढं लिहिलं. हे लिहिणंसुद्धा उपायच आहे, कारण त्यानंतर दर मिनिटाला उत्तर द्यायचं नसतं. मग तीन उसासे, त्याला फार तर अर्धा मिनिट लागला. लॉगची क्वेरी टाकली, ती चालते तेवढा वेळ चार-सहा. तिसऱ्या क्वेरीच्या सुमारास जांभई आली. समजलो, गाडी ताळ्यावर आली. एका कॉन्फिगमध्ये टाइमआउट कमी ठेवला गेला होता, तो मागे घेतला. सव्वाचारला एरर थांबले.

पण खरा सांभाळायचा वेळ त्यानंतरचा होता. साडेचारला "हे का झालं" हा कॉल होता. तो पाच पाचला संपला. तेव्हा माझ्या मानेत उजवीकडे गाठ आल्यासारखं दुखत होतं. याचंही कारण आहे. ताणात श्वास वरवर चालतो, छातीचा वरचा भाग उचलायला मानेचे स्नायू कामाला लागतात, आणि ते दिवसाला हजारो वेळा असं करण्यासाठी बनलेले नाहीत. मी तडक खाली गेलो. गेटपासून पुढच्या चौकापर्यंत आणि परत, नऊ मिनिटं. पहिली तीन मिनिटं डोक्यात कॉलच चालू होता, आणि तो चालू राहू दिला. विचार थांबवायचे नाहीत, फक्त पाय चालू ठेवायचे. परत येईपर्यंत तळहात कोमट झाले होते. मान पूर्ण सुटली नाही, पण डोकं वळवता येत होतं. साडेसहापर्यंत रिपोर्ट लिहून झाला आणि रात्री साडेअकराला झोप लागली. ऑन-कॉलच्या आठवड्यात मला एवढं पुरतं.

आता मर्यादा, आणि हे नीट ऐका. प्रत्येक धडधड टेन्शनची नसते. छातीत दाबल्यासारखं दुखणं, ते हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणं, घाम फुटणं, भोवळ येऊन पडणं, यातलं काही असेल तर श्वास मोजत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. वय अठ्ठावीस असलं तरी. शांत बसलेलं असताना नाडी वारंवार शंभरच्या वर राहत असेल तर डॉक्टरांना दाखवा. थायरॉइड वाढलेलं असेल किंवा हिमोग्लोबिन कमी असेल तरी धडधडतं, आणि ते रक्ताच्या तपासणीत कळतं, श्वासाने बरं होत नाही. दमा असेल आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज येत असेल तर डॉक्टरांनी दिलेला इनहेलर आधी.

आणि दुसरी मर्यादा. यातल्या कशानेही काम कमी होत नाही. टीममध्ये पाच जणांचं काम तीन जण करत असतील तर उच्छ्वास कितीही लांब केला तरी पुढच्या गुरुवारी तेच होणार. तो प्रश्न मॅनेजरसमोर बोलूनच सुटतो. फक्त ते बोलणं जबडा आवळून करण्यापेक्षा दात सुटे ठेवून केलं तर शब्द नीट निघतात, हा माझा अनुभव.

सुरुवात करायची असेल तर तिन्ही एकदम धरू नका. या आठवड्यात फक्त एक करा. मेल उघडताना श्वास सोडायचा. आठवडाभर जमलं तर खांदे, मग चालणं. तुमच्या कामात असा कोणता क्षण आहे ज्याला सवय बांधता येईल, मग तो काउंटरवरचा पुढचा टोकन नंबर असो, वर्गाची घंटा असो की सिग्नलचा लाल दिवा, ते कमेंटमध्ये लिहा. पुढच्या भागात त्यातले काही वाचून दाखवीन. भेटू, तोवर नमस्कार.